कप मोजायचा की चहा?

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ साली कपांवर एक निबंध प्रसिद्ध केला. चिनी मातीचा मग धुऊन पुन्हा पुन्हा वापरायचा, की कप एकदा वापरून टाकून द्यायचा? ऊर्जा कशात कमी खर्ची पडते? त्यांच्या हिशेबातून दोन आकडे निघाले. कागदी कपाच्या जागी मग आणला, तर तो ३९ वेळा वापरल्यावर त्याच्यावरची ऊर्जा वसूल होते. पांढऱ्या फोमच्या कपाच्या जागी आणला, तर १००६ वेळा वापरावा लागतो.

मग तोच, धुणंही तेच, तरी एक आकडा दुसऱ्याच्या सव्वीसपट. याचं कारण अगदी साध्या वजाबाकीत आहे. हॉकिंग यांच्या हिशेबात मग घडवायला सुमारे १४,०८८ किलोज्यूल ऊर्जा लागत होती, कागदी कपाला ५४९, फोमच्या कपाला १९८ आणि मग यंत्रात एकदा धुवायला १८४. म्हणजे कागदी कप टाळला की दर खेपेला ५४९ वजा १८४, असे ३६५ किलोज्यूल वाचतात. फोमचा कप टाळला तर वाचतात फक्त १४. चौदा हजारांचं कर्ज एकदा ३६५ च्या हप्त्यानं फेडायचं आहे आणि एकदा १४ च्या. आता धुण्याचा खर्च १८४ ऐवजी १९० धरून पाहा. फोमविरुद्धचा आकडा १००६ वरून १७६१ वर जातो. तो १९८ धरला तर मग शंभर वर्षं वापरला तरी कर्ज फिटत नाही. धुण्याच्या यंत्रात मग थोडे विरळ लावले, पाणी जरा जास्त तापवलं, की एवढा फरक सहज पडतो.

हा निबंध मी दरवर्षी एकदा तरी काढून वाचते. वस्तूंच्या जीवनचक्राचा, म्हणजे कच्चा माल जमिनीतून काढल्यापासून ती वस्तू कचऱ्यात जाईपर्यंतचा हिशेब मांडणं हे माझं काम. गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण असाच प्रश्न घेऊन आली. ती पुणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते. त्यांच्या स्टाफरूममध्ये चाळीस जण दिवसातून दोनदा चहा घेतात, कागदी कपातून. कुणीतरी सुचवलं की कप बंद करून मग आणावेत. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं की मग धुवायला गरम पाणी लागतं, त्यात जास्त नुकसान आहे. मैत्रिणीनं हॉकिंग यांचा ३९ हा आकडा कुठेतरी वाचला होता.

"चाळीस वेळा म्हणजे वीस दिवस. महिन्याभरात मग वसूल! मी मीटिंगमध्ये हेच सांगते," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, "अगं थांब, आधी तुमचा कप बघू दे."

कप बघणं गरजेचं होतं, कारण हॉकिंग यांचा कागदी कप साडेआठ ग्रॅमच्या आतबाहेरचा होता. तो कॉफीचा मोठा, जवळपास पाव लिटरचा कप. आपल्याकडे चहासाठी मिळतो तो कप बोटभर उंचीचा, शंभर मिलिलिटरचा. आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकावर एक दहा कप ठेवले, तर ३० ग्रॅम भरले. म्हणजे एक कप ३ ग्रॅमचा. हॉकिंग यांच्या हिशेबात कागदी कपाला दर ग्रॅममागे सुमारे ६६ किलोज्यूल लागत होते. तोच दर लावला तर आपला कप १९८ किलोज्यूलचा होतो. फोमचा कपही १९८ चाच होता. चहाचा हा छोटा कागदी कप हिशेबात थेट फोमच्या कपाशेजारी जाऊन बसतो आणि ३९ हा आकडा आपल्या कामाचा राहत नाही.

मैत्रिणीचा चेहरा पडला. पण आमच्या कामात जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा असतो तो इथूनच सुरू होतो: तुलना कशाची करतोय?

"एक कागदी कप विरुद्ध एक मग" ही तुलनाच नव्हे. कप एकदा वापरून संपतो, मग वर्षानुवर्षं टिकतो. एकात शंभर मिलिलिटर मावतं, दुसऱ्यात तीनशे. वस्तूसमोर वस्तू ठेवली की हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो. म्हणून आधी वस्तू बाजूला ठेवून ती कोणतं काम करते ते लिहायचं आणि त्या कामाचं माप ठरवायचं. या शास्त्रात त्याला फंक्शनल युनिट म्हणतात. मी इथे त्याला कामाचं माप म्हणेन. जीवनचक्र मूल्यमापनाची आंतरराष्ट्रीय मानकं, आयएसओ १४०४० आणि १४०४४, हे माप अभ्यासाच्या सुरुवातीलाच, उद्दिष्ट आणि व्याप्ती ठरवतानाच लिहायला सांगतात. आकडे गोळा केल्यावर माप ठरवायला बसलं, तर मनातल्या उत्तराला सोयीचं माप निवडण्याचा मोह होतो.

कामाच्या मापात चार गोष्टी याव्या लागतात: कोणतं काम, किती, कोणत्या दर्जाचं आणि किती काळ. मैत्रिणीबरोबर बसून आम्ही पहिल्यांदा लिहिलं: "एक कप चहा देणं." त्यात चारांपैकी एकच गोष्ट धड होती. कप किती मोठा, चहा बसून प्यायचा की हातात घेऊन वर्गाकडे जायचं, हे त्यात काहीच नव्हतं. हातात घेऊन जायचं असेल तर कपाला झाकण लागेल आणि उघडा मग ते काम करूच शकणार नाही. काम सारखं नसेल तर तुलनाच होत नाही.

दोन-तीनदा खोडून आम्ही असं लिहिलं: "स्टाफरूममध्ये बसलेल्या माणसाला १०० मिलिलिटर गरम चहा, हाताला चटका न बसता, स्वच्छ भांड्यातून देणं. दिवसाला ८० वेळा, वर्षाला २२० दिवस, तीन वर्षं." एकूण ५२,८०० वेळा.

या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला किंमत आहे. "हाताला चटका न बसता" हे शब्द मैत्रिणीनं घातले. पातळ कागदी कपात उकळता चहा ओतला की बोटं भाजतात, म्हणून त्यांच्याकडे बरेच जण कपात कप घालून चहा घेतात. तिनं दोन दिवस लक्ष ठेवलं, तर साधारण चौघांतला एक जण दोन कप घेत होता. म्हणजे ५२,८०० वेळा चहा द्यायला ६६,००० कप लागतात. माप "एक कप" असं असतं, तर हे तेरा हजार कप हिशेबात आलेच नसते. कपांच्या बाजूनं पाहिलं तर प्रत्येक कप एकच कप असतो. ते दिसतात कामाच्या बाजूनं पाहिलं तरच.

मगांचंही तसंच. चाळीस माणसांना चाळीस मग, हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात पाहुणे येतात, काही मग कपाटाच्या मागच्या फळीवर पडून राहतात, कान तुटतात, कडेचा टवका उडतो. आम्ही सुरुवातीला ५० मग धरले आणि वर्षाला १० बदलावे लागतील असं धरलं. तीन वर्षांत ८० मग. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यातले बरेच शाबूत असतील, पण त्यांना पुढच्या आयुष्याचं श्रेय द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. हा कडक निर्णय मगांच्या विरुद्ध जातो आणि तो मुद्दाम घेतला. आपल्या मनात एका बाजूला झुकतं माप असेल, तर शंकेचा फायदा दुसऱ्या बाजूला द्यावा. मग मोठा घ्यायचा नाही, हेही ठरलं. शंभर मिलिलिटर चहासाठी तीनशे मिलिलिटरचा मग नको. साधारण २०० ग्रॅम वजनाचा छोटा मग पुरेसा आहे.

हॉकिंग यांच्या दरानं मगाला ग्रॅममागे सुमारे ४८ किलोज्यूल. २०० ग्रॅमचा एक मग ९,६०० च्या थोडा वर, ८० मगांचे पावणेआठ लाखांच्या आसपास. ते ५२,८०० चहांत वाटले की चहामागे येतात १५ किलोज्यूल. कागदी कपांचे, दुहेरी कप धरून, चहामागे २४८. हॉकिंग यांचे दर तीस वर्षांपूर्वीच्या कॅनडातले आहेत. आपल्या कागदगिरण्या वेगळ्या, आणि खुर्जासारख्या ठिकाणी मग भाजणाऱ्या भट्ट्याही वेगळ्या. खऱ्या अभ्यासात ते आकडे इथलेच घ्यावे लागतील. तरी एक गोष्ट इथेच दिसते. मग भट्टीत हजार-बाराशे अंशांवर भाजला जातो, म्हणून तो फार महाग पडत असेल असं सगळ्यांना वाटतं. माणसं तो खरोखर वापरत असतील, तर ते भाजणं चहामागे क्षुल्लक उरतं. सगळा निकाल धुण्यावर येऊन थांबतो.

धुणं हिशेबात कुठून कुठपर्यंत घ्यायचं, हा दुसरा मोठा प्रश्न. याला सिस्टिम बाउंडरी म्हणतात, म्हणजे अभ्यासाची हद्द. शेताची हद्द ठरवताना बांध कुठे घालायचा ते ठरवतात, तसं इथे कोणती प्रक्रिया आत आणि कोणती बाहेर ते ठरवावं लागतं. बांध वाकडा पडला की पीक आपोआप एकाच्या वाट्याला जास्त येतं.

आम्ही कागदावर एक लिटर पाणी लिहिलं आणि बांध सरकवत गेलो. एक मग धुवायला एक लिटर पाणी, २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवलेलं. पाण्याचा एक लिटर एक अंशानं तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. ३५ अंशांना १४६. बांध गिझरशी घातला तर खर्च १४६. पण गिझरमध्ये वीज येते कुठून? महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर तयार होते, आणि कोळशाच्या केंद्रात जळणातली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच वीज बनून बाहेर पडते. बाकीची धुरांड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून निघून जाते. म्हणजे बांध वीजकेंद्रापर्यंत नेला की १४६ चे ४४० होतात. वाटेतल्या तारांमधली गळती तर अजून धरलेलीच नाही.

आता दोन्ही आकडे कागदी कपाच्या २४८ समोर ठेवा. बांध गिझरशी घातला, तर मगाच्या बाजूला १४६ अधिक १५, म्हणजे १६१. मग जिंकला. बांध वीजकेंद्राशी घातला, तर ४५५. मग हरला, आणि थोडाथोडका नाही. पाणी तेच, साबण तोच, धुणारे हातही तेच. फक्त रेघ कुठे ओढायची हे बदललं.

यातली कोणती रेघ बरोबर? इथे मला काहीच शंका नाही. कागदी कपाच्या बाजूनं आपण लगदा, गिरणी, जळण, सगळं मुळापर्यंत धरलं आहे. मगाच्या बाजूनं वीज फक्त भिंतीतल्या सॉकेटपासून मोजायची, तर ती लबाडी होईल, कुणी जाणूनबुजून केलेली नसली तरी. दोन्ही बाजूंची हद्द सारख्याच खोलीवर असली पाहिजे. एखाद्या अभ्यासाचा निकाल फारच एकतर्फी लागला, तर मी पहिल्यांदा हेच तपासते. वीज, डिझेल आणि वाफ दोन्हीकडे एकाच टोकापासून मोजली आहे का? कागदाच्या गिरण्यांत तर जास्तच काळजी घ्यावी लागते, कारण त्या लाकडातलं लिग्निन जाळून स्वतःची बरीच वाफ स्वतःच तयार करतात. ती ऊर्जा मोजायची की फुकट समजायची, यावरून कागदाचा आकडा बराच वरखाली होतो.

गार पाण्याचा हिशेब त्या मानानं सोपा आहे. एक लिटर पाणी वीस मीटर उंच गच्चीवरच्या टाकीत चढवायला ०.२ किलोज्यूल लागतात. पाणी शुद्ध करणं, पंपाची गळती, सांडपाण्यावरची प्रक्रिया, सगळं धरलं तरी लिटरमागे दहा-पंधरापर्यंत जाईल. म्हणजे गार पाण्यानं धुतलेला मग चहामागे तीसच्या आसपास, कपाच्या २४८ समोर. गार आणि गरम, एवढ्या एका फरकानं निकाल पालटतो.

म्हणून कामाच्या मापातला "स्वच्छ" हा शब्द पुन्हा उचलावा लागतो. स्वच्छ कुणाच्या मते? नव्या कागदी कपाला आपण स्वच्छ समजतो. मग त्या दर्जाला पोहोचायला हवा, तर दर खेपेला गरम पाणी आणि साबण लागेल का? प्रत्येकाचा मग ठरलेला असेल, तर सकाळच्या चहानंतर नुसता विसळून दुपारी पुन्हा वापरायला बहुतेकांची हरकत नसते. मग सगळ्यांचे सामाईक असतील तर ते चालणार नाही. म्हणजे मगावर नाव लिहायचं की नाही, यावरून धुण्याची संख्या निम्मी होऊ शकते. हा पर्यावरणाचा हिशेब आहे, पण तो स्टाफरूममधल्या माणसांच्या सवयींवर उभा आहे.

मैत्रिणीनं इथे एक चांगला प्रश्न विचारला. "चहा कुठे गेला? दूध, साखर, गॅस, यातलं काहीच तू धरलेलं नाहीस."

चहा आम्ही मुद्दाम हद्दीबाहेर ठेवला होता. दोन्ही बाजूंना तोच शंभर मिलिलिटर चहा आहे, त्यामुळे वजाबाकीत तो आपोआप उडून जातो. फरक काढायचा असेल तर सारख्या गोष्टी वगळता येतात, आणि हे मानकांना धरूनच आहे. पण त्याला दोन अटी आहेत. पहिली म्हणजे टक्के बोलायचे नाहीत. "मगामुळे चहाची पर्यावरणीय किंमत ऐंशी टक्क्यांनी घटली" असं वाक्य इथून काढणं साफ चुकीचं, कारण चहा आपण मोजलेलाच नाही. दुसरी अट अशी की चहा खरोखरच सारखा असायला हवा. समजा मोठा मग आणला आणि माणसं शंभरऐवजी दीडशे मिलिलिटर चहा घेऊ लागली. वाढलेल्या पन्नासातलं निम्मं दूध धरलं तर २५ मिलिलिटर. एक लिटर दुधामागे जागतिक सरासरीनं सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू हवेत जातात. २५ मिलिलिटरमागे ७५ ग्रॅम. तीन ग्रॅमच्या कागदी कपाचा वाटा त्याच्यापुढे किरकोळ ठरतो. भांड्यामुळे पिण्याची सवय बदलणार असेल, तर चहाला हद्दीत घ्यावंच लागतं. आम्ही मग छोटा घेतला त्यामागे हेही कारण होतं.

आतापर्यंत आम्ही फक्त ऊर्जा मोजत होतो. हवामानावरचा परिणाम मोजायला घेतला, की हद्दीचा एक वेगळाच सापळा समोर येतो आणि त्यात चांगले चांगले लोक अडकतात. झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. तीन ग्रॅमच्या कपात प्लॅस्टिकचा पातळ थर सोडला तर पावणेतीन ग्रॅमच्या आसपास कागद असतो. त्यात साधारण सव्वा ग्रॅम कार्बन, म्हणजे झाडानं शोषलेला साडेचार ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. काही हिशेबांत हे साडेचार ग्रॅम कपाच्या खात्यात जमा दाखवतात. तसं दाखवायला हरकत नाही, पण त्यासाठी हद्द कपाच्या शेवटापर्यंत न्यावी लागते. ती कप कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडतो तिथेच थांबवली, तर जमा दिसते आणि खर्च दिसतच नाही. एवढी जमा कारखान्याच्या धुराचा खर्च भरून काढू शकते आणि जितके जास्त कप वापरावेत तितकं हवामान सुधारतं असा निष्कर्ष निघू शकतो. कपाच्या बाबतीत फाटकाशी थांबणारा अभ्यास दिसला, की तो मी लगेच बाजूला ठेवते.

फाटकाबाहेर काय होतं? कप जळला तर ते साडेचार ग्रॅम हवेत परत जातात, जमाखर्च शून्य. कप कचरा डेपोत खोल गाडला गेला आणि तिथे हवा न मिळता कुजला, तर काही कार्बनाचा मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा तापवण्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट धरतात. एक टोक गाठून पाहू: कपातला चौथा हिस्सा कार्बन मिथेन झाला असं धरलं, तर ०.४ ग्रॅम मिथेन, म्हणजे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. झाडानं शोषलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त. प्रत्यक्षात प्लॅस्टिकचा थर आणि कोरडा ढीग कुजणं बरंच रोखतात, त्यामुळे आकडा खूप खाली येऊ शकतो. पण तो शून्य आहे असं कुणालाच ठामपणे म्हणता येणार नाही. त्यासाठी आपल्या गावचा कचरा कुठे जातो ते माहीत असावं लागतं. रद्दीत गेलेल्या कपाचा कागद पुन्हा वापरता येतो, पण आतला प्लॅस्टिकचा थर सुटा करणारी गिरणी जवळपास असेल तरच. ती नसताना अहवालात "पुनर्वापरयोग्य" असं लिहून कपाला श्रेय देणं म्हणजे न मिळालेल्या पैशाची पावती फाडणं.

भट्टीच्या विटा, गिरणीची इमारत, धुण्याचा हौद, असल्या गोष्टी आम्ही सोडल्या. त्या लाखो वस्तूंत वाटल्या जातात आणि चहामागे त्यांचं काही उरत नाही. साबण ऊर्जेत नगण्य होता. पण पाण्याचं प्रदूषण मोजायचं असतं, तर तोच साबण हद्दीच्या मधोमध आला असता. काय सोडायचं हे कोणता परिणाम मोजतोय त्यावर ठरतं. एका परिणामासाठी सोडलेली गोष्ट दुसऱ्यासाठीही सोडली, तर चूक होते आणि ती सहसा लक्षात येत नाही.

एवढं झाल्यावर मैत्रीण जरा वैतागली. "सरळ सांग ना, मग आणायचे की नाही? गरम पाण्यानं धुतले तर हरतात, गार पाण्यानं धुतले तर जिंकतात. मी मीटिंगमध्ये काय सांगू?"

मी विचारलं, "धुणार कोण?"

धुणार होत्या स्टाफरूमच्या मावशी. इतका वेळ आम्ही एका मगाला एक लिटर पाणी, साठ अंश, असे आकडे टेबलाशी बसून ठरवत होतो आणि ज्यांना ते काम करायचं होतं त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. पाहुण्यांसाठी ठेवलेले वीस-बावीस कप मावशी आधीपासूनच धूत होत्या. त्यांची पद्धत आमच्या कागदात नव्हती. त्या नळाखाली एकेक कप धरत नाहीत. प्लॅस्टिकच्या टबात साबणाचं पाणी करून सगळे कप एकदम त्यात सोडतात, घासून दुसऱ्या टबात गार पाण्यात बुडवतात आणि पालथे घालतात. चाळीस मग असतील तर साबणाच्या टबात दहा लिटर पाणी पुरेल, विसळायला वीस, असं त्यांनी सांगितलं. बादलीनं मोजून पाहिलं, तर त्यांचा अंदाज बरोबर होता. एका मगामागे पाव लिटर साबणाचं पाणी आणि अर्धा लिटर गार.

"गरम पाणी घेता का, मावशी?"

"थंडीत घेते की. डिसेंबर-जानेवारीत हात कापतात नुसते. एरवी नळाचंच."

घरी येऊन हिशेब पुन्हा मांडला. थंडीच्या दिवसांत पाव लिटर पाणी गरम, वीजकेंद्रापर्यंत ११० किलोज्यूल. विसळण्याचे सात, मगाचा वाटा पंधरा, सगळे मिळून १३० च्या थोडं वर. इतर महिन्यांत सगळं गार पाणी, एकूण पंचवीस. कॉलेजच्या कामाच्या दिवसांतले साधारण पंचमांश दिवस थंडीतले धरले, तर वर्षाची सरासरी चहामागे पन्नासच्याही आत येते. कागदी कपांचे २४८. सगळ्यांनी एकच कप घ्यायची शिस्त पाळली तरी जवळपास २००.

हा फरक चौपट-पाचपट आहे. हॉकिंग यांचे जुने दर कागदासाठी निम्म्यानं चुकलेले निघाले आणि मगासाठी दुपटीनं, तरी मग पुढेच राहतो. तिथवर चाचपून पाहिल्यावरच मी मैत्रिणीला फोन केला. तिच्या वहीत मी तीन ओळी लिहून दिल्या होत्या, मीटिंगमध्ये जशाच्या तशा वाचायला. पहिल्या ओळीत कामाचं माप, चटक्यासह. दुसऱ्या ओळीत हद्द: लाकडापासून कचऱ्यापर्यंत, वीज कोळशापासून, चहा वगळून. तिसऱ्या ओळीत निकाल आणि त्याची अट: मग छोटे, टबात धुतलेले, गरम पाणी फक्त थंडीत. नळाखाली गरम पाण्याची धार सोडून एकेक मग धुवायचा असेल, तर हा निकाल लागू नाही, हेही त्याच ओळीत.

मीटिंगमध्ये मग आणायचं ठरलं. हॉस्टेलच्या गच्चीवर सौर बंब आहे आणि सकाळी अकरानंतर त्यातलं गरम पाणी कुणी वापरत नाही. तिथून स्टाफरूमच्या मोरीपर्यंत एक पाइप आणता येईल का, हे प्लंबरला विचारायचंही ठरलं. तो पाइप आला तर मावशींना थंडीत ऊन पाणी मिळेल, आणि हिशेबात ११० च्या जागी जवळजवळ काहीच लिहावं लागणार नाही.